पेपर सप्टेंबरात, परीक्षा ऑक्टोबरात

"सर्व विषयशिक्षकांना सूचित करण्यात येते की, प्रथम सत्र परीक्षेच्या मसुदा प्रश्नपत्रिका संविधान तक्ता व आदर्श उत्तरपत्रिकेसह खालील वेळापत्रकानुसार मोहोरबंद पाकिटात परीक्षा विभागाकडे सादर कराव्यात. विलंबाची गांभीर्याने नोंद घेण्यात येईल."

ही भाषा माझी नाही. आमच्या शाळेत परीक्षाप्रमुखपद जसं एकाकडून दुसऱ्याकडे जातं, तसा हा मजकूरही जातो. मी गणिताची शिक्षिका. पद माझ्याकडे आलं तेव्हा कपाटाच्या किल्ल्या, लाखेच्या कांड्या आणि हा परिच्छेद असं तिन्ही एकदम हाती आलं. शेवटचं वाक्य तर निव्वळ शोभेचं आहे. विलंबाची नोंद घेऊन तिचं पुढे काय करायचं, हे कुणीच ठरवलेलं नाही.

सूचनावही घेऊन शिपाईकाका ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात वर्गावर्गांतून फिरतात. फळ्यावर लिहिता लिहिता शिक्षक एका हातानं सही करतात आणि पुन्हा फळ्याकडे वळतात. वाचतं कोण? मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो तो नेहमी भूगोलाच्या सरांचा. "मॅडम, परीक्षा ऑक्टोबरात, अन् पेपर सप्टेंबर लागत नाही तर काहून मागून राहिल्या?"

प्रश्न रास्त आहे. त्यात आपल्याकडे शाळाच उशिरा उघडतात. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्यातल्या इतर शाळांपेक्षा आठदहा दिवस मागून, जूनच्या शेवटी सुरू होतात. म्हणजे ऑगस्ट संपेपर्यंत जेमतेम दोन महिने शिकवणं झालेलं असतं आणि तेवढ्यात पेपर काढा म्हणून फर्मान येतं. पण ही तारीख मी मनानं लिहीत नाही. ती परीक्षेच्या दिवसापासून उलटी मोजत मोजत येते.

यंदाचंच घ्या. पहिला पेपर ६ ऑक्टोबरला. २ ऑक्टोबरची सुट्टी, म्हणून वर्गवार मोजून बांधलेली पाकिटं १ तारखेला कपाटात हवीत. छपाई आणि मोजणीला एक आठवडा, म्हणजे प्रेसला पेपर २३ सप्टेंबरपर्यंत जायला हवा. त्याआधी टाइप झालेला पेपर ज्यानं काढला त्याच्याच नजरेखालून जायचा, दुरुस्त्या करून पुन्हा एकदा जायचा. त्याला चार-पाच दिवस. म्हणजे १८ तारखेपर्यंत टायपिंग संपायला हवं. आता पाचवी ते दहावीचे सगळे विषय धरले की पेपर होतात पन्नासच्या आसपास. नववी-दहावीला तीन भाषा, बीजगणित, भूमिती, विज्ञानाचे दोन भाग, इतिहास आणि भूगोल मिळून नऊ-नऊ. शिवाय आमच्याकडे सेमी इंग्रजीच्या तुकड्या आहेत, त्यामुळे गणित-विज्ञानाचा प्रत्येक पेपर दोन भाषांत. हे सगळं टाइप करणारा माणूस एक. मध्ये पोळा, तान्हा पोळा, मारबत, गणपती, महालक्ष्म्या. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात कोण टायपिंग करायला बसणार? हे सगळे दिवस वजा केले की टायपिंगला खऱ्या अर्थानं दहा-बारा दिवस उरतात. त्याच्याही आधी छाननी, म्हणजे त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकानं पेपर तपासणं. असं मागे मागे येत आपण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोचतो.

पूर्वी सगळ्यांना एकच तारीख असायची. मग ४६ पाकिटं एकाच दुपारी यायची, टायपिंगवाला हात जोडायचा आणि ज्यांनी वेळेवर दिलं त्यांचाही पेपर रांगेत पडून राहायचा. आता नोटिशीत तीन तारखा असतात. नववी-दहावीचं गणित आणि विज्ञान २८ ऑगस्टला, कारण अपूर्णांक, वर्गमुळं आणि आकृत्या टाइप करायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. नववी-दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रं १ सप्टेंबरला. पाचवी ते आठवी ४ सप्टेंबरला. शिक्षकदिनाच्या आदल्या दिवशी शिक्षकांकडून वसुली, असं हिंदीच्या मॅडम म्हणतात, आणि त्या सहसा १ तारखेचा पेपर ४ तारखेलाच देतात.

पण तारीख हा नोटिशीचा सोपा भाग झाला. ज्या ओळीवरून दरवर्षी कुरकुर होते ती आहे "संविधान तक्ता व आदर्श उत्तरपत्रिकेसह" ही. संविधान तक्ता म्हणजे कुठल्या प्रकरणाला कुठल्या प्रश्नात किती गुण, याचा आराखडा. पेपर आणून देतात, तक्ता मागाहून देतो म्हणतात. उत्तरपत्रिका तर "परीक्षा झाल्यावर, तपासायच्या वेळी देऊ ना जी." मी पाकीट परत करते. त्यामागचं कारण दहावीच्या बीजगणिताच्या एका पेपरावरून सांगते, कारण तो विषय माझा.

बोर्डाच्या आराखड्यात बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. पण छापायचे प्रश्न असतात ६० गुणांचे. पहिल्या प्रश्नातले चार बहुपर्यायी आणि चार एकेका गुणाचे उपप्रश्न सक्तीचे. तिथून पुढे सगळीकडे विकल्प आहेत. दुसऱ्यात दोन गुणांच्या तीन कृतींपैकी दोन, आणि पाच उदाहरणांपैकी चार. तिसऱ्यात तीन गुणांच्या दोन कृतींपैकी एक, आणि चार उदाहरणांपैकी दोन. चौथ्यात चार गुणांच्या तिनांपैकी दोन. पाचव्यात तीन गुणांच्या दोहोंपैकी एक. बेरीज केली तर सोडवायचे ४०, छापलेले ६०, एकूण उपप्रश्न २७. मधले २० गुण मुलानं सोडून द्यायचे असतात.

तर एका वर्षी एका तरुण सरांचा पेपर माझ्याकडे छाननीला आला. प्रथम सत्राला तीन प्रकरणं होती. दोन चलांतील रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं आणि अंकगणिती श्रेढी. त्यांना भारांश ठरला होता विकल्पांसह २२, २२ आणि १६. सरांनी तक्ता नीट भरला होता. उभी बेरीज बरोबर, आडवी बेरीज बरोबर, सगळं मिळून ६०. तक्ता बघून कुणीही सही केली असती.

मी गणिताच्या पेपरात एक वेगळं बघते. एखादं प्रकरण मुलानं पूर्णच सोडलं तर त्याला जास्तीत जास्त किती मिळतील? म्हणून श्रेढीच्या प्रश्नांवर पेन्सिलीनं खुणा करत गेले. पहिल्या प्रश्नात श्रेढी नाहीच. दुसऱ्यातल्या तीन कृतींत एक, पाच उदाहरणांत एक. तिसऱ्यातल्या दोन कृतींत एक, चार उदाहरणांत दोन. चौथ्यात नाही. पाचव्यातल्या दोहोंत एक. म्हणजे दोन, दोन, तीन, सहा आणि तीन, झाले बरोबर १६ गुण. आणि यातला एकूण एक प्रश्न विकल्पात सोडता येण्याजोगा! ज्या मुलानं श्रेढीचं पान उघडलेलंही नाही, त्याला ४० पैकी ४० मिळू शकत होते. तक्त्यात श्रेढीला १६ गुण होते, पेपरात तिची गरज शून्य गुणांपुरतीच होती.

सरांनी हे मुद्दाम केलं नव्हतं. कुणीच मुद्दाम करत नाही. शेवटचं प्रकरण असतं, ऑगस्टमध्ये ते शिकवून झालेलं नसतं, त्याचे प्रश्न शेवटी सुचतात आणि जिथे जागा उरलेली असते तिथे जाऊन बसतात. उरलेली जागा बहुधा विकल्पाचीच असते. उपायही अवघड नव्हता. एक गुणाचे दोन प्रश्न श्रेढीवर आणले आणि तिसऱ्यातलं एक उदाहरण काढून चौथ्यातल्या तिनांपैकी दोन उदाहरणं श्रेढीची केली. दोन मिळवले, तीन वजा केले, पुन्हा आठ आले. मग भारांश वाढला, म्हणून पाचव्यातलं आणि तिसऱ्यातली कृती असे तीन-तीन गुण रेषीय समीकरणांकडे वळवले. उरले १७. एक गुण इकडेतिकडे चालतो. आता श्रेढी टाळणाऱ्याचे पहिल्या प्रश्नातले दोन गुण जातात आणि चौथ्यात त्याच्यासाठी एकच उदाहरण शिल्लक राहतं, म्हणजे आणखी चार जातात. बाकी तक्त्यात उभ्या-आडव्या बेरजांखाली मी तेव्हापासून आणखी एक रकाना घालायला लावला आहे. प्रत्येक प्रकरणापुढे, ते सोडल्यास मिळू शकणारे जास्तीत जास्त गुण.

उत्तरपत्रिकेचं कारण आणखी साधं आहे. पाठ्यपुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं देऊ नये म्हणून आपण त्यातले आकडे बदलतो. तिथेच घात होतो. समजा, मूळ उदाहरण असं आहे. एका आयताकृती शेताची लांबी रुंदीपेक्षा 5 मीटरनं जास्त आहे आणि क्षेत्रफळ 150 चौरस मीटर आहे, तर रुंदी किती? समीकरण होतं x² + 5x − 150 = 0. अवयव पडतात, रुंदी 10 मीटर, लांबी 15 मीटर. आता आकडा बदलायचा म्हणून कुणी 150 चे 160 केले. वाचायला काहीच फरक नाही, उलट 160 जरा बरा दिसतो. पण आता b² − 4ac ची किंमत 625 ऐवजी 665 येते, आणि 665 हा कुठल्या पूर्ण संख्येचा वर्ग नाही. रुंदी येते साधारण 10.4 मीटर. उदाहरण चुकीचं नाही, सूत्रानं सुटतं. पण परीक्षेतलं मूल अवयव शोधत बसतं, सापडत नाहीत, वाटतं आपलंच समीकरण चुकलं. खोडतं, पुन्हा मांडतं. हुशार मूल जास्त वेळ घालवतं, कारण त्याला स्वतःच्या मांडणीवर विश्वास असतो आणि उत्तरावर नसतो.

त्याहून वाईट म्हणजे x² − 4x + 5 = 0 सोडवा, असं नुसतं चिन्ह बदलून दिलेलं समीकरण. इथे b² − 4ac उणे 4 येते. दहावीच्या मुलाला वास्तव मुळं नाहीत एवढंच म्हणता येतं, आणि प्रश्न तर "सोडवा" म्हणतो.

हे छाननीत नुसतं वाचून कधीच सापडत नाही. प्रश्न वाचताना सगळे प्रश्न बरोबरच वाटतात. ज्यानं काढला त्यानं कागदावर पायरीपायरीनं सोडवला, तरच सापडतं. म्हणून उत्तरपत्रिका आधी हवी, आणि नुसती उत्तरं नकोत, पायरीमागे किती गुण तेही हवेत. तीन गुणांच्या उदाहरणाला समीकरण मांडण्याचा एक, सोडवण्याचा एक, ऋण किंमत सोडून योग्य उत्तर एककासह लिहिण्याचा एक. असं लिहायला बसलं की कधीकधी तीन गुणांच्या उदाहरणात दोनच पायऱ्या निघतात, किंवा दोन गुणांच्या उदाहरणात पाच. मग तो प्रश्न आपोआप आपली जागा बदलतो. वेळेचाही अंदाज येतो. माझा ठोकताळा असा की, दोन तासांचा पेपर शिक्षकानं स्वच्छ अक्षरात पाऊण तासाच्या आत सोडवला पाहिजे. तासभर लागत असेल तर मुलांचा नक्की राहणार.

जुने गणित शिक्षक हे सगळं टाळण्यासाठी एक करतात. ते आधी उत्तर ठरवतात आणि मागे चालत प्रश्नापर्यंत येतात. रुंदी 12 हवी, लांबी 4 नं जास्त, म्हणजे 16, म्हणून क्षेत्रफळ 192. मी परीक्षेच्या दिवसापासून नोटिशीच्या तारखेकडे येते तसंच. भूगोलाच्या सरांना एकदा मी असंच समजावलं तर ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही गणितवाले सगळं उलटंच करून राहिले."

नोटिशीतल्या मसुद्याच्या स्वरूपाच्या रकान्यात गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त भर पडली ती फॉन्टची. अनेक शिक्षक आता घरी टाइप करून आणतात. हाताला कृतिदेवची सवय आहे, तो फॉन्ट त्यांच्या संगणकावर आहे, शाळेच्या आहे, पण प्रेसच्या संगणकावर त्याचं दुसरंच रूप आहे. कृतिदेवमध्ये मराठी अक्षरं नसतातच खरं तर, इंग्रजी कळांच्या खुणांवर मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. पण तो चिवडा परवडला, निदान लगेच कळतो. कळत नाही ते अर्धवट बिघडलेलं. कृतिदेवमधून युनिकोडमध्ये रूपांतर करताना कुठे रफार शेजारच्या अक्षरावर जातो, कुठे पहिली वेलांटी घसरते. आणि गणितात तर एक फारच बेमालूम गोष्ट होते. कृतीच्या प्रश्नात मुलांनी भरायच्या रिकाम्या चौकटी असतात. रूपांतरात त्या चौकटीच नाहीशा होतात. कृती मग पूर्ण वाक्यासारखी दिसते, आणि मूल वर बघून विचारतं, "मॅडम, यात भरायचं काय?"

म्हणून नोटिशीत आता सरळ लिहिलं आहे. टाइप केलेला मसुदा युनिकोडमध्येच, सोबत त्याची छापील प्रत, आणि कृतीच्या प्रश्नांपुढे कंसात चौकटींची संख्या. हातानं लिहिलेला मसुदाही चालेल, कागदाच्या एकाच बाजूला, एक ओळ सोडून. आकृती वेगळ्या कोऱ्या कागदावर. खरं सांगायचं तर सुवाच्य अक्षरातला हातचा मसुदा मला अजूनही सगळ्यांत भरवशाचा वाटतो.

सेमीच्या पेपरची अडचण आणखी निराळी. मराठी आणि इंग्रजी मसुदे बहुधा एकाच्याच हातून होतात, पण एका दिवशी होत नाहीत. मराठी पेपर काढून झाल्यावर चार दिवसांनी इंग्रजी करताना एखादा आकडा सुधारावासा वाटतो, आणि तो मराठीत सुधारायचा राहतो. असाच एक प्रश्न छाननीत सापडला होता. पहिलं पद 7, सामान्य फरक 4, शेवटचं पद 99, तर पदं किती आणि त्यांची बेरीज किती? मराठीत हे ठीक होतं, 24 पदं, बेरीज 1272. इंग्रजीत शेवटचं पद 100 झालं होतं. सेमीच्या मुलांना सव्वाचोवीस पदं मिळाली असती. तेव्हापासून दोन्ही भाषांसाठी उत्तरपत्रिका एकच, आणि ती दोन्ही पेपरांना लावून पाहायची. दोन स्वतंत्र उत्तरपत्रिका मी घेत नाही, कारण त्या आपापल्या पेपरला बरोबरच असतात.

गुप्ततेबद्दल नोटिशीत एक मोठा परिच्छेद आहे, त्यातला बराचसा लाखेच्या काळातला. पाकिटाच्या जोडावर सही, वर विषय आणि इयत्ता, आत दोन संच. हे सगळं ठीकच आहे. पण पेपर फुटतो तो पाकीट फोडून नव्हे. तो स्टाफरूमच्या सामायिक संगणकावर अलीकडे उघडलेल्या फायलींच्या यादीत तसाच बसलेला असतो. शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावला की त्या संगणकावर एक प्रत राहून जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर "मॅडम, जरा बघून घ्या" म्हणून पाठवलेला फोटो घरच्या फोनवर, आणि त्याच फोनवर संध्याकाळी दहावीतलं लेकरू खेळतं. म्हणून नवा नियम असा की, शाळेत टाइप करायचं तर परीक्षा विभागाच्या संगणकावर, घरी केलं तर पेन ड्राइव्ह थेट माझ्या हातात, आणि मसुद्याचा फोटो कुणालाही नाही, मलाही नाही.

दुसरा संच कशाला, असं विचारणारे दरवर्षी भेटतात. पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ येते, विभागीय क्रीडास्पर्धाही त्याच सुमारास असतात. पाच-सात मुलांची परीक्षा मागाहून घ्यावीच लागते आणि तोवर पहिला पेपर गल्लीतल्या शिकवणीत सोडवून झालेला असतो. दुसऱ्या संचातही शिक्षक बहुधा पहिल्यातलेच प्रश्न क्रम बदलून देतात. तोही मी परत करते, पण खरं म्हणजे तिथे माझा आवाज जरा मऊ होतो. एका माणसाकडे चार वर्ग, त्यात दोन पेपर दोन-दोन संचांत, शिवाय सप्टेंबरात निवडणुकीची किंवा सर्वेक्षणाची कामं अंगावर पडलेली. मुख्याध्यापक संघाचे छापील पेपर विकत घेणाऱ्या शाळांचा हेवा वाटतो तो अशा वेळी. तिथे फक्त पाकीट फोडायचं असतं. मात्र तो पेपर आपण किती शिकवलं ते बघून निघालेला नसतो. श्रेढी शिकवायची राहिली असली तरी पेपरात ती असते.

आमच्याकडेही हाच पेच आहे, फक्त तो शिक्षकाच्या हातात आहे. २८ ऑगस्टला पेपर द्यायचा म्हणजे सप्टेंबरभर काय शिकवून होईल ते आधी ओळखायचं. श्रेढी शिकवून होईल असं गृहीत धरून १६ गुण घातले आणि मध्ये आठ दिवस पावसाच्या सुट्ट्या गेल्या, तर? यासाठी नोटिशीत एक तळटीप आहे. शिकवून न झालेल्या घटकावरचे प्रश्न मसुद्यात खुणा करून द्यावेत आणि प्रत्येकाच्या बदली एक प्रश्न सोबत जोडावा. टायपिंगनंतर पेपर नजरेखालून जातो तेव्हा, म्हणजे २० सप्टेंबरच्या सुमारास, ते बदलता येतात. त्यानंतर नाही.

भूगोलाच्या सरांचं म्हणणं आहे की ही नोटीस जूनमध्येच, वार्षिक नियोजनासोबत काढावी, म्हणजे कुणाला घाई होणार नाही. माझं म्हणणं, जूनमध्ये दिलेली नोटीस ऑगस्टपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही आणि तक्ता तर मुळीच नाही. ते म्हणाले, तारखा जूनमध्ये द्या, नमुना ऑगस्टमध्ये. पुढच्या शनिवारच्या बैठकीत हा विषय घेतला आहे. हिंदीच्या मॅडम अजून कुठल्या बाजूला आहेत ते कळलेलं नाही.